मार्फान: ईसीजी नॉर्मल असला तरी इको का?

"मुलगा खूप उंच, हातपाय लांब. त्रास काही नाही, ईसीजीही नॉर्मल. मग इको कशाला?"

ईसीजीत महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची रुंदी दिसत नाही; ती इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसते. आणि मार्फान हा आजार असेल तर खरा धोका तिथेच. या आजारात जनुकातल्या बिघाडामुळे फायब्रिलिन-१ हे प्रथिन सदोष बनतं. त्यामुळे हाडं जास्त लांब वाढतात, आणि महाधमनीची भिंतही कमकुवत होऊन तिचं हृदयाजवळचं मूळ न दुखता फुगत जातं. म्हणून निदान होताच इको, सहा महिन्यांनी पुन्हा, मग साधारण दरवर्षी. समजा, प्रौढ रुग्णात या मुळाची रुंदी ४२ मिमीवरून वर्षात ४६ झाली. शस्त्रक्रियेची नेहमीची मर्यादा ५० असली, तरी या वेगामुळे सर्जनना आताच दाखवा. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर लगेच इमर्जन्सी विभाग गाठा आणि मार्फानचा संशय तिथे आधी सांगा.