शेजारच्या खोदकामामुळे आमच्या इमारतीला तडे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यातली आमची तीन मजली सोसायटी 1994 साली बांधलेली आहे. शेजारच्या प्लॉटवर दोन मजली तळघरासाठी आमच्या कुंपणाच्या भिंतीपासून जेमतेम चार फुटांवर उभा खड्डा खणला आहे. ना माती अडवणारे शोअर पाइल, ना आडवे टेकू. पहिल्या जोरदार पावसात खड्ड्याच्या कडेची माती ढासळली आणि दोन दिवसांत त्या बाजूच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघाले.

तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली होती. ती आठव्या दिवशी तडकली, म्हणजे भिंत अजून हलते आहे. तळमजल्यावरच्या आजींचं दार आता लागतच नाही. फार काळजी वाटते.

बिल्डर म्हणतो, "तुमची बिल्डिंगच जुनी आहे." 1882 चा सुखाधिकार कायदा मी वाचला. शेजारच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क कलम 7 मध्ये आहे, पण तो मोकळ्या जमिनीपुरता. बांधकामाच्या वजनासह आधार हवा तर कलम 15 प्रमाणे 20 वर्षं विनाअडथळा तो मिळालेला असावा लागतो. आमची तीस झाली.

कोणी यातून गेलं आहे का? खड्डा आधी मातीने भरून घ्यायचा, की थेट दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायचा? आणि तडे खोदकामामुळेच पडले हे कोर्टात कसं सिद्ध केलंत? आमच्याकडे खोदकामाआधीचे फोटो फक्त दोन घरांचे आहेत.