विहीर पुनर्भरण: अंतिम अहवालातली तफावत

“२० विहिरींचं पुनर्भरण कबूल केलं, झालं १८चं. अहवालात कसं मांडू?”

तफावत दरातून दाखवा. आमचंही असंच झालं होतं. मंजुरी ६ लाख, म्हणजे विहिरीमागे ३०,००० रुपये. खड्ड्यांत कातळ लागला, ब्रेकर आणावा लागला, दर ३२,००० वर गेला. १८ विहिरींचे ५,७६,००० झाले, २४,००० उरले. तेवढ्या पैशांत आणखी एकही विहीर होत नव्हती. ब्रेकरची बिलं आणि कातळाचे फोटो त्याच परिच्छेदाखाली जोडले. गाळाची टाकी किती दिवसांनी साफ करावी लागते, हेही लिहिलं. देणगीदाराने नेमकं तेच विचारलं! शिल्लक आणि बँकेचं व्याज उपयोगिता प्रमाणपत्रात वेगवेगळं दाखवा. ठेकेदाराला दिलेली, पण हिशेब न आलेली उचल खर्चात धरू नका.