मदत हवी आहे: सरासरीच्या दोन तृतीयांशचा खेळ, ० लिहूनही हरतोय

चिठ्ठीवाला
आम्ही २० जण खेळतो. प्रत्येकाने ० ते १०० मधला एक आकडा गुपचूप लिहायचा, सरासरी काढायची आणि तिच्या दोन तृतीयांशच्या सगळ्यात जवळ ज्याचा आकडा तो जिंकला. मी म्हटलं सगळ्यांनी १०० लिहिले तरी उत्तर ६७ च्या वर जात नाही, मग ६७ च्या वर कोण कशाला लिहील, म्हणजे उत्तर ४४ च्या आत, मग ३० च्या आत, असं करत करत ० वरच येतं. ० लिहिला. सरासरी आली ३६, उत्तर २४. दुसऱ्या डावातही ० च लिहिला, सरासरी २५, उत्तर १७ च्या आसपास. माझं कुठे चुकतंय? उद्या तिसरा डाव आहे.

सरळमार्गी
तुझं काही चुकलं नाही, ० च बरोबर. बाकीच्यांना डोकं लावता येत नाही, लिहीत राहा.

पायरीपायरीने
गणित बरोबर आहे पण ते तेव्हाच लागू पडतं जेव्हा प्रत्येकजण शेवटपर्यंत विचार करतो आणि बाकीचेही करतील याची प्रत्येकाला खात्री असते. खरी माणसं एक-दोन पायऱ्या उतरून थांबतात. काहीच विचार न करणारे सरासरी ५० धर, त्यांच्यावर एक पायरी म्हणजे ३३, दोन म्हणजे २२. डेन्मार्कच्या पोलिटिकेन पेपरने २००५ मध्ये हाच खेळ घेतला, १९ हजारांवर लोक खेळले आणि जिंकणारा आकडा होता २१.६. जिंकायचं तर बाकीच्यांपेक्षा एकच पायरी खाली जायचं, तू तळाला जाऊन बसलास.

दुपारची_चहा
पण आम्ही घरी दोघंच खेळतो आणि मी ० लिहून कधीच हरले नाही??

पायरीपायरीने
दोघांत वेगळं होतं. उत्तर दोघांच्या मधोमध नसतं, कायम मध्याच्या खाली पडतं, म्हणून लहान आकडावालाच जिंकतो, समोरचा काहीही लिहो. २० जणांत तुझा एक आकडा सरासरी फारशी हलवत नाही.

चिठ्ठीवाला, तुझ्या ग्रुपचं बघ, पहिलं उत्तर २४ होतं आणि दुसऱ्या डावाची सरासरी २५, म्हणजे बहुतेकांनी मागचं उत्तरच उचलून लिहिलं. उद्याही तसंच केलं तर सरासरी १७, उत्तर ११.

चिठ्ठीवाला
अच्छा, आता कळलं!! पण एकजण मुद्दाम १०० लिहीन म्हणतोय, दोन्ही डावांत नव्हता लिहिला.

पायरीपायरीने
१७ च्या जागी १०० आला तर सरासरी चारेकने वर जाईल, उत्तर तीनेकने. मग १४ लिही.

सरळमार्गी
आणि हे बाकीच्यांनीही ऐकलं असेल तर? ते पण १४ लिहितील ना, मग उत्तर १२ होईल.

चिठ्ठीवाला
त्याने सगळ्यांसमोरच सांगितलंय. १३ लिहू का मग?