निनावी अभिप्रायात माणूस ओळखला गेला. पुढच्या वर्षी घ्यावा की बंद करावा?

कळंगुटची एचआर:
आमचं हॉटेल, 140 माणसं. मे महिन्यात पहिल्यांदाच विभागप्रमुखांबद्दल त्यांचे वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून निनावी अभिप्राय घेतला. हाऊसकीपिंगच्या प्रमुख बाईंना रिपोर्ट दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका मुलीला बोलावून विचारलं, "हे तूच लिहिलंस ना?" मुलगी आता राजीनामा देते म्हणते. रिपोर्टमध्ये कोणाचंही नाव नव्हतं. चुकलं कुठे? आणि पुढच्या वर्षी हे करावं का?

म्हापशेंकार:
करू नका. नाव घालायचं नसलं की माणूस मनात साठलेलं सगळं ओकून मोकळा होतो. मी बावीस वर्षं वर्कशॉप चालवतोय. पोरांना सांगून ठेवलंय, माझं काय चुकतं ते चहाच्या वेळी तोंडावर सांगा. सांगतात.

वेर्ण्याची शिफ्ट:
म्हापशेंकारभाऊ, तुमच्या वर्कशॉपात मालक तुम्हीच आहात. तोंडावर काय सांगायचं ते पोरं आधी तोलून घेत असणार. आमच्या फॅक्टरीत हाच अभिप्राय इन्क्रिमेंटला जोडला होता. पहिल्या वर्षी दोन सुपरवायझरांचे पैसे कमी झाले. दुसऱ्या वर्षी कॅन्टीनमध्ये उघड ठरलं, तू मला 4 दे, मी तुला 4 देतो. हाताखालच्यांनीही सगळ्यांना 4 दिले, कारण शिफ्टचा रोस्टर सुपरवायझरच लावतो. तीन वर्षं हेच चाललं, मग कंपनीने गुंडाळलं. माझं मत आहे की पैसे जोडले की संपलं.

कांदोळी रिसेप्शन:
आम्ही रिसेप्शनवर क्यूआर कोड लावलाय, त्यावर गेस्ट नाव न देताच लिहितात. तक्रारीत रूम नंबर असला तर लगेच कारवाई करता येते. तुम्हीही रूम नंबर सक्तीचा करा.

कळंगुटची एचआर:
दादा, हा गेस्टचा फीडबॅक नाही, स्टाफने आपल्या प्रमुखाबद्दल दिलेला आहे. आमच्याकडे पैशांशी काही जोडलेलं नव्हतं.

फोंड्याच्या मावशी:
मी अठरा वर्षं हेच काम करते, म्हणून दोन गोष्टी विचारते. बाईंच्या रिपोर्टमध्ये कोणते आकडे छापले होते? आणि त्या मुलीचं वाक्य काय होतं? वाक्य इथे जसंच्या तसं लिहू नका, आशय सांगा.

कळंगुटची एचआर:
बरोबरीचे 5 जण, सरासरी 4. जनरल मॅनेजर 1, त्यांनी 4 दिले. हाताखालच्या सहा जणांना फॉर्म दिला होता, भरला दोघींनीच. दोनच उत्तरं म्हणून तो गट आम्ही मुद्दाम दाखवला नाही. शेवटी सगळ्यांची मिळून सरासरी 3.5. वाक्याचा आशय असा: चवथीची मंजूर झालेली रजा आदल्या दिवशी रद्द केली, रडून सांगितलं तरी ऐकलं नाही.

फोंड्याच्या मावशी:
मग दोन्ही कुलपं उघडीच होती.

पहिलं आकड्यांचं. आठ जणांची सरासरी 3.5 म्हणजे बेरीज 28. त्यातून बरोबरीच्यांचे 20 आणि साहेबांचे 4 वजा केले की उरतात 4. म्हणजे ज्या दोघींचा गट तुम्ही लपवलात त्यांची सरासरी 2, हे बाईंना कागदाच्या मागच्या बाजूवर एका मिनिटात काढता येतं. गट झाकला असला तर एकूण सरासरी छापायची नाही. गटात किमान तिघांची उत्तरं आल्याशिवाय त्या गटाचा आकडा द्यायचा नाही, आणि तीन हवे असतील तर निदान पाचसहा जणांना विचारावं लागतं, कारण सगळे भरत नाहीत. तुम्ही विचारलं सहांना, पण फॉर्म भरायला दिला कधी? मे महिन्यात, हॉटेल भरलेलं असताना. पावसात दिला असता तर चार तरी आले असते. तरीही दोनच आले तर ते बरोबरीच्यांत मिसळून "सहकारी" असा एकच गट करायचा आणि वजाबाकी आधी आपण स्वतः करून बघायची.

दुसरं वाक्याचं. चवथीची रजा आदल्या दिवशी कोणाची रद्द झाली हे अख्ख्या हाऊसकीपिंगला ठाऊक असणार. त्या वाक्यात नाव नाही, पण माणूस आहे. अशी वाक्यं तीन वाटांनी ओळखू येतात. एक, जो प्रसंग एकाच माणसाशी घडला तो. दोन, भाषा. सगळे मराठीत लिहितात आणि एकच जण रोमी कोंकणीत लिहितो, किंवा एकीच्या तोंडी कायम ठरावीक शब्द असतो. तीन, ड्यूटी. "रात्रपाळीत" म्हटलं की दोनच नावं उरतात. म्हणून फॉर्मवर "आणखी काही सांगायचं आहे?" असा मोकळा रकाना ठेवू नये. त्याऐवजी दोनच प्रश्न ठेवा: प्रमुखांची कोणती गोष्ट तुमच्या कामाला मदत करते, चालू ठेवावी? आणि कोणती गोष्ट कामात आड येते, त्याऐवजी काय करावं? आणि रकान्याच्या वरच लिहा की एकदाच घडलेला प्रसंग नको, पुन्हा पुन्हा दिसतं ते लिहा.

त्याच मुलीने हे कसं लिहिलं असतं बघा: "मंजूर झालेली रजा ऐनवेळी बदलते, त्यामुळे घरचं काही ठरवता येत नाही. बदल करायचा तर चार दिवस आधी सांगावं." बाईंना यावर काहीतरी करता येतं. आधीच्या वाक्यावर फक्त रागावता येतं.

पणजी, निवृत्त:
मावशी, हे पटत नाही. तुम्ही तिचं दुःख धुऊन गुळगुळीत केलंत. सणाच्या आदल्या दिवशी रजा रद्द होणं आणि "ऐनवेळी बदलते" हे सारखं नाही. एचआरने असं बदलायचं ठरवलं की वरच्यांना खरं कधी कळणारच नाही. केंद्र सरकारने सहसचिव आणि त्यावरच्या पदांच्या निवडीसाठी अशी बहुस्रोत पद्धत आणली, त्यावर पुढे संसदीय समितीनेच ती अपारदर्शक असल्याचं म्हटलं होतं. बंद दाराआड कोणीतरी मजकूर हाताळतं, तिथे विश्वास संपतो.

फोंड्याच्या मावशी:
तुमची भीती खरी आहे, म्हणून एचआरने एकही शब्द बदलू नये असंच माझं म्हणणं आहे. बदलायचं ते लिहिणारीनेच, पाठवण्याआधी. मी फॉर्म देण्यापूर्वी वीस मिनिटं सगळ्यांना बसवते, खोटी तीन वाक्यं फळ्यावर लिहिते आणि विचारते, यातला माणूस ओळखता येतो का? मुलींना लगेच दिसतं. तरीही काही सुटतं. असं वाक्य मी रिपोर्टमधून काढते आणि "एक अभिप्राय ओळख पटेल म्हणून गाळला" असं छापते. त्यात काहीतरी हरवतं, हे मान्य.

वेर्ण्याची शिफ्ट:
आणि रिपोर्ट वाचून बाई पुन्हा शोधायला निघाल्या तर?

फोंड्याच्या मावशी:
रिपोर्ट नुसता हातात देऊ नका. कोणीतरी शेजारी बसून वाचावा, आणि पंधरा दिवसांत बाईंनी सगळ्या टीमसमोर दोन गोष्टी सांगाव्यात: हे समजलं, यात हे बदलणार. वॉकर आणि स्मिदर या संशोधकांनी पाच वर्षं मॅनेजरांचा मागोवा घेतला, तो 1999 साली छापून आला. ज्या वर्षी मॅनेजर आपल्या माणसांशी आधीच्या अभिप्रायावर बोलले, त्या वर्षी ते जास्त सुधारलेले दिसले. फॉर्मपेक्षा ही बैठक जड असते.

कळंगुटची एचआर:
बाईंशी आज बोलले. त्यांना वाईट वाटतंय, पण त्या मुलीची माफी मागायला तयार नाहीत. म्हणतात, "मग मी कबूलच केलं ना की मी ओळखलं." आणि एक वेगळी भीती आहे. दुसऱ्या एका रिपोर्टमध्ये एका पुरुष प्रमुखाच्या वागण्याबद्दल असं वाक्य आहे, जे मी अजून कोणालाच दाखवलेलं नाही. निनावी आहे. काय करू?

फोंड्याच्या मावशी:
ते त्या रिपोर्टमध्ये जाऊ देऊ नका, आणि दाबूनही ठेवू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती लागतेच. समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, नाव देऊन करावी लागते; निनावी वाक्याला ती तक्रार समजून चालता येत नाही. समितीच्या अध्यक्षांना आजच भेटा आणि सगळ्या स्टाफला समितीचे सदस्य कोण आणि तक्रार कशी करायची हे पुन्हा कळवा, कोणाकडेही बोट न दाखवता. पुढच्या फॉर्मवर पहिल्याच ओळीत हे लिहा, म्हणजे अशी गोष्ट चुकीच्या पेटीत पडणार नाही.

पणजी, निवृत्त:
पण जिने ते लिहिलं तिला वाटत असेल की सांगून झालं. ती वाट बघत असेल.

फोंड्याच्या मावशी:
हो. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही.