शब्दचर्चा: ‘असेंब्ली’ला जुळणी म्हणावं की खतावणी?

गोदाकाठची
नांदेडला एम.एस्सी. करायलेय. प्रकल्पाचा अहवाल मराठीत लिहायचं मीच अंगावर घेतलंय, आता भोगायलेय. विषय: दोन मितींतलं प्वासाँचं समीकरण, त्रिकोणांची जाळी, फायनाइट एलिमेंट पद्धत. प्रत्येक त्रिकोणाची छोटी ३×३ मॅट्रिक्स काढून त्या सगळ्यांची मिळून मोठी स्टिफनेस मॅट्रिक्स करतात, त्याला इंग्रजीत असेंब्ली म्हणतात. मी ‘जुळणी’ लिहिलं. मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ मारून विचारलं, “नटबोल्टची का?” दुसरा शब्द आहे का कुणाकडं?

वाळूजकर
जुळणीच बरोबर आहे ताई. आमच्या लाइनवर रोज तेच चालतं. सुटे भाग येतात, ज्याची जागा त्याला मिळाली की नग तयार. लाल रेघेला काय घाबरायचं!

मांजराकाठ
रेघ मारणाऱ्यांची बाजू घेतो. वाळूजच्या लाइनवर एका जागी एकच भाग बसतो. दुसरा बसवायला गेलात तर सुपरवायझर ओरडेल. इथं उलटं आहे. जाळीतला एक बिंदू पाच-सहा त्रिकोणांत सामाईक असतो आणि त्या प्रत्येकाकडून आलेला आकडा मोठ्या मॅट्रिक्सच्या त्याच घरात पडतो. नवा आल्यावर जुना काढायचा नसतो, त्यात मिळवायचा असतो. ‘जुळणी’त ही बेरीज ऐकू येत नाही.

बालाघाट
मग सरळ ‘बेरीज’ म्हणा की! सगळ्या ३×३ मॅट्रिक्सा एकमेकींत मिळवल्या, झालं.

मांजराकाठ
अर्धं बरोबर. तशा मिळवल्या तर उत्तरही ३×३ येईल, आणि जाळीत बिंदू चारशे असले तर बाकीचे कुठं गेले? एकक चौरस घ्या. कोपरे डाव्या खालच्यापासून घड्याळाच्या उलट दिशेनं १, २, ३, ४. कर्ण १ ते ३. पहिला त्रिकोण १-२-३, दुसरा १-३-४. पहिल्याचा काटकोन २ पाशी आहे, म्हणून त्याची मॅट्रिक्स अशी:

```
        1     2     3
1     0.5  -0.5   0
2    -0.5   1    -0.5
3     0    -0.5   0.5
```

दुसऱ्याचे आकडे हेच, फक्त काटकोन ४ पाशी. त्या त्रिकोणाच्या दृष्टीनं ४ हा ‘आपला तिसरा’ बिंदू असतो, पण मोठ्या मॅट्रिक्समध्ये तो चौथ्या ओळीत जातो. स्थानिक क्रमांकावरून गावच्या क्रमांकावर नेणं हा अर्धा उद्योग, आणि तिथं गेल्यावर मिळवणं हा उरलेला. दोन्ही सांगणारा शब्द हवा.

मोंढा परभणी
मला यातलं काही कळत नाही, पण तुम्ही जे सांगायलात ते मी मोंढ्यात अडत दुकानावर तीस वर्षं करायलोय. दिवसभराच्या नोंदी कीर्दीत होतात. मग एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची. एका शेतकऱ्याचं सोयाबीन तीनदा आलं तर तीन नोंदी त्याच एका खात्यात, आणि खाली बाकी. याला खतावणी म्हणतात. तुमचे त्रिकोण म्हणजे कीर्दीची पानं दिसतात.

मांजराकाठ
काका, हाच तो शब्द.

वाळूजकर
आजकालच्या किती पोरांना खतावणी माहीत आहे? टॅली आल्यापासून मुनीमसुद्धा ‘पोस्टिंग’ म्हणतात.

गोदाकाठची
मला आवडला. पण शब्दाबरोबर माझा कोडही अडकलाय. त्यात `+=` आहे, म्हणजे बेरीज होतेय ना? तरी K11 ला १ यायच्या ऐवजी ०.५ येतंय. दोन्ही त्रिकोणांच्या सगळ्या नोंदी ओळ, स्तंभ आणि किंमत अशा तीन याद्यांत भरल्यात:

```python
K = np.zeros((4, 4))
K[I, J] += V
```

आणि K13 शून्य का? १ आणि ३ कर्णानं जोडलेले आहेत की.

मांजराकाठ
शून्य बरोबर आहे. एखाद्या कडेचा आकडा तिच्या समोरच्या कोनांवरून ठरतो: दोन्ही बाजूंच्या कोनांचे cot मिळवा, निम्मे करा, उणे चिन्ह लावा. कर्णासमोर दोन्हीकडं काटकोन, cot शून्य. कोनांची बेरीज १८०° च्या वर गेली तर तिथं धन आकडाही दिसेल. तीही चूक नसते, जाळी वाकडी असते.

पहिली मात्र खरी चूक, आणि लई फसवी. `I`, `J` मध्ये तीच जागा दोनदा आली तर नमपाय त्या `+=` मध्ये ती दोनदा मिळवत नाही. आधी सगळ्या जागांच्या जुन्या किमती वाचतो, त्यांत नव्या मिळवतो आणि मग लिहितो. दोन्ही वेळा जुनी किंमत शून्यच वाचली जाते, त्यामुळं एकच नोंद उरते. हे लिहा:

```python
np.add.at(K, (I, J), V)
```

जाळी मोठी असेल तर सायपायचं `coo_matrix` वापरा. `tocsr()` करताना ते एकाच जागेच्या नोंदी मिळवतं.

मोंढा परभणी
म्हणजे खात्यात पहिली नोंद खोडून दुसरी लिहिली! बरं, तेरीज जुळली का?

गोदाकाठची
तेरीज?

मोंढा परभणी
सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर काढून जमा आणि नावे सारखे येतात का ते बघायचं.

गोदाकाठची
काका, आमच्याकडं पण आहे! सीमेवरच्या किमती घालण्याआधी प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायला पाहिजे. माझ्या चुकीच्या मॅट्रिक्समध्ये ओळ १ आणि ३ ची बेरीज −०.५ होती, २ आणि ४ ची शून्य. आत्ता कळलं, दोन त्रिकोणांत सामाईक बिंदू तेवढे १ आणि ३ च. `np.add.at` केल्यावर कर्णरेषेवर सगळीकडं १ आणि चारही ओळी शून्य.

मोंढा परभणी
पण एखादं पान खतवायचंच राहिलं, किंवा एकाचा माल दुसऱ्याच्या खात्यावर गेला, तरी तेरीज जुळते बरं का. तेवढ्यावर झोपू नका.

मांजराकाठ
काकांनी नेमकं बोट ठेवलं. प्रत्येक छोट्या मॅट्रिक्सच्या ओळींची बेरीज मुळातच शून्य असते, म्हणून एखादा त्रिकोण पूर्ण गळाला किंवा बिंदूंचे क्रमांक चुकले तरी ही तपासणी पास होते. दुसरी करा: प्रत्येक बिंदूवर u = x घ्या आणि `u @ K @ u` काढा. चौरसाचं क्षेत्रफळ यायला हवं. इथं u = (०, १, १, ०), उत्तर १. एक त्रिकोण गळाला तर ०.५.

बालाघाट
आणि ‘स्टिफनेस’ला काय? ताठरता? पण प्वासाँच्या समीकरणात ताठ काय आहे? उष्णता वाहते तिथं कोण वाकतंय?

मांजराकाठ
नाव बांधकाम-विमानवाल्यांचं आहे. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानांच्या सांगाड्यांसाठी ते रूढ केलं. गंमत अशी की कुरांटनं त्याआधी १९४३ मध्ये त्रिकोण वापरले ते दांड्याच्या पिळासाठी, आणि ते समीकरण प्वासाँचंच. म्हणजे ताठपणा तिथं होता. उष्णतेसाठी मला ‘वहन मॅट्रिक्स’ बरं वाटतं.

बालाघाट
मग एकाच मॅट्रिक्सला दर अहवालात वेगळं नाव? मला नाही पटत. ताठरताच ठेवा.

वाळूजकर
माझं मत अजून जुळणीलाच. वाचणारा अडखळत नाही.

गोदाकाठची
पहिल्यांदा ‘खतावणी’ लिहून खाली एका वाक्यात कीर्द-खात्याचं सांगते. ताठरतेचं सरांना विचारते, तिथंही रेघ आहेच. काका, तेरीज हा शब्द ओळींच्या बेरजेच्या तपासणीला वापरला तर चालेल का?

मोंढा परभणी
वापरा की. आमच्याकडं आता कोण वापरतंय!