मदत हवी आहे: व्ही-सिंक लावलं की ५० चे थेट ३० का होतात?

माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र वरून खाली नव्याने काढतो. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड ९० फ्रेम देतं. मॉनिटर अर्ध्यावर असतानाच नवी फ्रेम येऊन धडकते, म्हणून कॅमेरा झर्रकन वळवला की दाराची चौकट मधोमध कापल्यासारखी दिसते: वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या. इथवर कळलं.

व्ही-सिंक लावलं, कापाकापी थांबली. पण गर्दीच्या प्रसंगात, जिथे एरवी ५० फ्रेम मिळायच्या, तिथे आकडा ३० वर येतो. फ्रेम तयार व्हायला २० मिलिसेकंद लागतात, मॉनिटरची फेरी १६.७ ची, मग ती पुढच्या फेरीपर्यंत अडकून पडते, असंच ना? ट्रिपल बफरिंगने हे सुटेल का? माऊस आधीच जड वाटतोय हो, तो आणखी रेंगाळायला नको.