न्यूटनची उडी की ग्रेडियंट डिसेंटची पावलं? (फंक्शन साधं आहे पण डोकं फिरवतंय)

डिचोलीकर_पोर: f(x) = √(1+x²) चा मिनिमम काढायचाय, उत्तर 0 हे डोळ्यांनी दिसतंच. न्यूटन लावला, म्हणजे x मधून f'/f'' वजा. 0.5 वरून सुरू केलं तर फटकन शून्यावर जातो, 2 वरून केलं तर हे बघा:

```
x = 2
for i in range(3):
    x = x - x*(1 + x*x)
    print(x)
# -8, 512, -134217728
```

सर म्हणतात न्यूटन फास्ट असतो. मग ग्रेडियंट डिसेंटच वापरू का सरळ?

फोंडा_एक्स्प्रेस: कोडात बग असणार रे. हे फंक्शन कॉन्व्हेक्स आहे, f'' सगळीकडे पॉझिटिव्ह. f'' निगेटिव्ह असला की न्यूटन उलट मॅक्झिममकडे पळतो हे खरं, पण इथे तो प्रश्नच नाही, कॉन्व्हेक्सवर न्यूटन फसूच शकत नाही.

मांडवीपार: कोड बरोबर आहे हो. f'/f'' करून बघा, x(1+x²) येतं, म्हणजे पुढचा x थेट -x³. एकपेक्षा लहान आकडा घन केला की लहान होत जातो, मोठा असला की सुटलाच, आणि बरोबर 1 वरून सुरू केलं तर 1 आणि -1 मध्ये हेलपाटे घालत बसतो. f'' पॉझिटिव्ह असल्याने एवढंच ठरतं की उडी उताराच्या दिशेने आहे, ती किती लांब पडेल ते नाही. 2 जवळ उतार 0.894 आणि वाक 0.089. तिथे फंक्शन जवळजवळ सरळ रेषेसारखं, म्हणून त्याच्यावर बसवलेला पॅराबोला म्हणतो तळ 10 लांब आहे, आणि आपण डोळे झाकून -8 वर जातो.

सासष्टी_डेटा: म्हणूनच मी सांगतो ग्रेडियंट डिसेंट घ्या आणि गप्प बसा, स्टेप 0.1 ठेवा, कधीच उधळणार नाही.

मांडवीपार: उधळणार नाही पण रांगेल. इथे उतार कधीच 1 च्या वर जात नाही, म्हणजे एका पावलात 0.1 सुद्धा सरकत नाही, आणि शून्याजवळ आल्यावर दर पावलाला चूक फक्त दहा टक्के कमी होते. 0.01 वरून 0.00000001 ला यायला सव्वाशेच्या वर पावलं लागतात. न्यूटन 0.5 वरून -0.125, मग 0.00195, मग त्याचाही घन, संपलं. स्टेप 1 ठेवलीत तर ग्रेडियंटही इथे भन्नाट पळतो, पण तो योगायोग, कारण शून्यावर f'' नेमका 1 आहे. स्टेप 3 ठेवून बघा, शून्याजवळ x चा -2x होतो आणि तो कधी बसतच नाही. ती स्टेप कोण ठरवणार, आधीच वाक माहीत असल्याशिवाय?

डिचोलीकर, तू न्यूटन टाकू नकोस, फक्त उडी मोजून मार. 2 वरची पूर्ण उडी -10. f वाढलं तर अर्धी कर: -3 वर f 3.16, सुरुवातीच्या 2.24 पेक्षा जास्त, नको. पाव कर: -0.5 वर 1.12, चालेल. तिथून पुढे पूर्ण उड्या.

कळंगुट_रूम्स: मला डेरिव्हेटिव्ह बिरिव्हेटिव्ह कळत नाहीत, पण आमच्या हॉटेलचं बुकिंग कॅन्सल होईल का याचं मॉडेल मी आर मध्ये glm ने केलं, आत न्यूटनच असतो म्हणे, एरवी पाच-सहा फेऱ्यांत संपतं. पण एक एजंट असा की त्याची एकही बुकिंग कॅन्सल झालेली नाही, तो कॉलम घातला की `fitted probabilities numerically 0 or 1 occurred` येतं आणि आकडे भलतेच मोठे. हे पण तेच का?

मांडवीपार: नाही, हे वेगळं. तुमच्याकडे मिनिमम अनंतावर गेलाय, त्या एजंटचा कोइफिशंट जितका मोठा तितकं लाइकलीहुड चांगलं. ग्रेडियंट लावलात तरी तो तिकडेच चालेल, फक्त हळू, त्यामुळे कळणारसुद्धा नाही. रिज पेनल्टी लावा थोडी.

सासष्टी_डेटा: सगळं ठीक, पण तुम्ही एका व्हेरिएबलवर खेळताय. माझ्याकडे 10,000 फीचर. हेसियन म्हणजे दहा कोटी आकडे, 800 एमबी, आणि दर फेरीला तो सोडवायचा. कसला न्यूटन घेऊन बसलाय?

मांडवीपार: आख्खा हेसियन लिहायचाच कशाला? हेसियन गुणिले व्हेक्टर एवढंच काढून कॉन्जुगेट ग्रेडियंटने दिशा मिळते.

सासष्टी_डेटा: आणि मिनीबॅच? थोड्याशा सॅम्पलवरून काढलेला वाक इतका हलतो की त्याने भागणं म्हणजे जुगार. मोठ्या मॉडेलांत लोक अजून ग्रेडियंटच्याच भावंडांवर आहेत ते उगाच नाही.

मांडवीपार: मिनीबॅचचं मान्य. पण तुमचा डेटा मेमरीत मावतो ना? मग मिनीबॅच कशाला करताय?

डिचोलीकर_पोर: पाव उडीवाली केली, चालली. पण अर्धी, मग पाव असंच का? तिसरा भाग घेतला तर?

फोंडा_एक्स्प्रेस: घे की, 2 वरून -1.33, f 1.67, कमी झालाच ना.

डिचोलीकर_पोर: हो पण तिथून पुढची उडी पूर्ण घेतली तर परत बाहेर, 2.37 वर. f तपासणं दर फेरीला ठेवायला लागणार म्हणजे.